आजी चहा घ्यायच्या, जेवायच्या नाहीत

प्रश्न: मी डाएटेटिक्सची इंटर्न आहे, पहिलीच वॉर्ड पोस्टिंग. मेडिसिन वॉर्डात एक काका पाच दिवसांपासून जेवत नाहीत. काहीही विचारलं की "नको" एवढंच म्हणतात. वजन घेता येत नाही, रिकॉल मिळत नाही, असेसमेंट फॉर्म जवळजवळ कोरा आहे. यावरच रिफ्लेक्शनही लिहून द्यायचं आहे. सुरुवात कुठून करू?

उत्तर:

माझी पहिली पोस्टिंग ऑर्थोपेडिकच्या बायकांच्या वॉर्डात होती. सातव्या दिवशी रेफरन्स आला: "पेशंट जेवत नाही, डाएट सल्ला द्यावा." पासष्टी ओलांडलेल्या आजी, मंगळवेढ्याकडच्या. अंगणात पाय घसरून मांडीच्या हाडाचा खुब्याजवळचा भाग मोडलेला. ऑपरेशन दोनदा ठरून दोनदा पुढे गेलेलं, एकदा फिटनेस मिळाला नाही म्हणून, एकदा लिस्ट लांबली म्हणून. दोन्ही वेळा मध्यरात्रीपासून उपाशी ठेवलं होतं आणि "आज होणार नाही" हे दुपारी तीन-चारला कळलं होतं. तोवर जेवणाची गाडी वॉर्डातून फिरून गेलेली. नर्सिंगच्या कागदावर आठवडाभर एकच ओळ होती: "रुग्ण अन्न नाकारते."

मी काय काय चुकीचं केलं तेही सांगते, कारण तुमच्या फॉर्मवर आज बहुधा तेच होत असेल.

पहिल्या दिवशी मी केस पेपर वाचला, अल्ब्युमिन २.८ दिसलं, त्याखाली रेघ मारली आणि "कुपोषण" लिहून टाकलं. अल्ब्युमिन कमी दिसलं की कुपोषण, हे आपल्या डोक्यात इतकं पक्कं बसलेलं असतं की हाड मोडून आठवडा झालेल्या माणसाचं अल्ब्युमिन सूज आणि जखमेमुळेच खाली येतं, हे लक्षात राहत नाही. त्या आकड्यावरून आजींच्या खाण्याबद्दल काहीच ठरवता येत नव्हतं. मग गरज काढली. केस पेपरला चार महिन्यांपूर्वीची बीपीच्या दवाखान्याची चिठ्ठी लावलेली होती, तिच्यावर वजन ४६ किलो. ४६ गुणिले ३०, म्हणजे साधारण १४०० कॅलरी. प्रथिनं ६० ग्रॅम. त्याप्रमाणे सकाळी दूध आणि उपमा, दुपारी वरण-भात-चपाती-अंडं, असा सुबक तक्ता करून मॅडमकडे घेऊन गेले. त्या वेळेपर्यंत मी आजींशी एक शब्दही बोललेले नव्हते.

मॅडमनी तक्ता उलटा करून टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "आधी त्यांच्या ताटाजवळ जाऊन बस. बोलू नकोस, नुसतं बघ."

दुपारचं ताट आलं. हाय प्रोटीन डाएट म्हणून उकडलेलं अंडं सोलून भातावरच ठेवलेलं होतं. आजींच्या गळ्यात तुळशीची माळ. त्यांनी ताटाकडे पाहिलं आणि मान वळवली. सून म्हणाली, "आत्या, दोन घास तरी खा की." आजी म्हणाल्या, "नगं." सुनेने ताट स्टुलाखाली सरकवलं आणि कडेला बसून आवाज न करता रडायला लागली. गावाकडून फोन येत होते, "तू त्यांना खायला घालतेस की नाही?"

मला वाटलं, सापडलं कारण. माळकरी बाई, भाताला अंडं लागलेलं, ती कशी जेवेल? तडक किचनमध्ये जाऊन अंडं बंद करवलं. गव्हाची चपाती बदलून ज्वारीची भाकरी मिळेल का विचारलं. ती रोज होत नव्हती, पण एक मावशी करून द्यायला तयार झाल्या. संध्याकाळी भाकरी आणि मुगाचं वरण घेऊन मी स्वतः गेले. आजींनी भाकरीचा वास घेतला, चेहरा जरा खुलला, दोन घास खाल्ले. आणि ताट बाजूला सारलं.

अंडं हे कारण खरंच होतं, पण एकमेव नव्हतं. पहिलं कारण हाती आलं की आपण शोध थांबवतो, कारण फॉर्ममधली रिकामी जागा भरते. म्हणून कारण सापडलं असं वाटलं की ते दूर करायचं आणि पुढच्या दोन जेवणांत खाणं किती वाढलं ते मोजायचं. वाढलं नसेल तर शोध अजून संपलेला नाही.

आता मोजमापाचं सांगते, कारण "वजन घेता येत नाही" इथे तुम्ही थांबला आहात. पाय मोडलेल्या आजींना काट्यावर उभं करता येत नव्हतं आणि वॉर्डात खाटेचा काटा नव्हता. अशा वेळी टेप पुरतो. हात बाजूला सरळ ताणून गळ्याखाली, छातीच्या हाडाच्या वरच्या टोकाशी असलेल्या खळगीपासून मधल्या आणि अनामिका बोटांच्या बेचक्यापर्यंतचं अंतर घ्यायचं, याला डेमीस्पॅन म्हणतात. आजींचं आलं ६५ सेंटिमीटर. बायकांसाठी त्याला १.३५ ने गुणून ६०.१ मिळवायचे, म्हणजे उंची साधारण १४८ सेंटिमीटर. तुमचे पेशंट पुरुष आहेत, तर १.४० ने गुणून ५७.८ मिळवा. मग दंडाच्या मध्यावर घेर घ्यायचा. आजींचा होता २१.५ सेंटिमीटर. हा घेर २३.५ च्या खाली असला तर बीएमआय बहुधा २० च्या खाली आहे असं धरतात. सलाईनच्या हाताचा घेर घेऊ नका, तो हात सुजलेला असतो.

वजन किती घटलं हे मात्र टेपने कळत नाही, ते घरच्यांच्या बोलण्यातून काढावं लागतं. मी सुनेला विचारलं, "वजन कमी झालंय का?" ती म्हणाली, "म्हाईत न्हाई." असा प्रश्न विचारला की असंच उत्तर मिळतं. नंतर बोलता बोलता तिने पिशवीतून रुमालात बांधलेल्या बांगड्या काढून दाखवल्या. ऑपरेशनच्या तयारीला त्या उतरवल्या होत्या. म्हणाली, "दिवाळीत काढल्या तवा साबण लावून, पार हात लाल झाला. या टायमाला नुसत्या घसरल्या." हे मी फॉर्ममध्ये तसंच्या तसं लिहिलं. दंडाचा घेर, जुनं वजन आणि बांगड्या यांवरून मॅडमनी कामापुरतं वजन ४० किलो धरलं आणि पुढे "अंदाजे" लिहायला लावलं. ४६ वरून ४० म्हणजे सुमारे १३ टक्के घट. बीएमआय १८ च्या आसपास. आजारपणाआधीच काही महिने आजींचं खाणं कमी झालेलं होतं, हे बांगड्यांनी सांगितलं, केस पेपरने नव्हे. खोदून विचारल्यावर कळलं की पावसाळ्यापासून शेतात जाणं बंद झालं होतं आणि रात्रीचं जेवण म्हणजे बहुतेक वेळा चहात बुडवलेली चपाती.

आता रिकॉल. गेल्या २४ तासांत काय खाल्लं हे न जेवणाऱ्या माणसाला विचारण्यात अर्थ नसतो. तो "काही नाही" म्हणतो, नातेवाईकही "काही नाही" म्हणतात, आणि आपण शून्य लिहितो. प्रत्यक्षात शून्य क्वचितच असतं. मी खाटेला एक कागद लावला आणि तोंडात जाईल ते सगळं लिहायला सुनेला सांगितलं. पाणी, चहा, बिस्किट, नारळपाणी, गोळीबरोबरचा घोट, सगळं. मॅडमनी त्यात एक रकाना वाढवायला लावला, जो कुठल्याही छापील फॉर्ममध्ये नसतो: "त्या वेळी जवळ कोण होतं."

गुरुवारी सकाळपासून शुक्रवार रात्रीपर्यंतचा तो कागद आजही माझ्या डोळ्यांसमोर आहे. गुरुवारी दिवसभरात तीन कप चहा, दोन बिस्किटं, एक नारळपाणी, अडीचशे-पावणेतीनशे कॅलरीच्या आसपास. जवळ सून. संध्याकाळी आजींची मुलगी आली आणि रात्री थांबली. त्या रात्रीच्या ओळीत लिहिलं होतं: "दूध-भाकर अर्धी. गुळाचा खडा." शुक्रवारी सकाळी मुलगी निघाली. निघण्याआधीच्या ओळीत "उपीट अर्धी वाटी". त्यानंतर पुन्हा चहा, चहा, नारळपाणी.

हा कागद हातात घेऊन मी बराच वेळ उभी होते. त्यातून दोन गोष्टी दिसत होत्या. एक, आजी पातळ पदार्थ विनातक्रार घेत होत्या. चहा गिळताना ठसका नाही, नंतर उलटी नाही, तोंडात डाग किंवा फोड नाहीत. म्हणजे गिळण्याचा किंवा तोंडाचा त्रास वाटत नव्हता. मळमळही असेल तर फार नसावी. लघवीला नळी होती, त्यामुळे पाणी प्यायलाही त्या कचरत नव्हत्या. नाकारत होत्या ते फक्त घट्ट अन्न. दुसरी गोष्ट म्हणजे मुलगी असताना त्या तेच अन्न खात होत्या. जिची भूक खरोखर मेली आहे, ती बाई मुलगी आली म्हणून अर्धी भाकरी खात नाही. बहुतेकांना वाटलं, मुलीचं प्रेम, सुनेशी पटत नसेल. नर्सिंग स्टेशनवर तर तसं बोललंही गेलं. मीही तसंच धरून चालले असते, पण ती सून आठवडाभर खाटेखाली चटई टाकून झोपत होती आणि आजी तिच्याशी मायेनेच बोलत होत्या.

शनिवारी दुपारी मी ताट नसलेल्या वेळी गेले. हे मुद्दाम सांगते. ताट समोर असताना आपण काहीही बोललो तरी पेशंटला ते "जेव" असंच ऐकू येतं. सून आंघोळीला गेली होती. मी स्टूल ओढून बसले, उभी राहिले नाही. त्यांच्या शेतातल्या ज्वारीबद्दल विचारलं. मालदांडीची भाकर कशी पांढरीशुभ्र होते ते त्यांनी सांगितलं. मग मी विचारलं, "आजी, परसाकडं कधी झाली होती?"

हा शब्द माझ्या तोंडी सहज आला नव्हता. आदल्या दिवशी वॉर्डातल्या आयामावशींनी मला तो दिला होता. त्याआधी मी स्वतः आजींना दोनदा "मोशन होते का?" असं विचारलं होतं आणि दोन्ही वेळा त्यांनी मान हलवली होती. सिस्टरही रोज हेच विचारत होत्या, आणि चार्टवर रोज बरोबरची खूण होत होती. आजींना मोशन म्हणजे काय ते कळतच नव्हतं. डॉक्टरीण काहीतरी विचारते तर हो म्हणावं, एवढंच.

परसाकडं म्हटल्यावर आजींनी पदर तोंडावर घेतला. म्हणाल्या, "पडल्यापास्नं न्हाई." म्हणजे नऊ दिवस. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. दुसऱ्याच दिवशी बेडपॅन मागितलं होतं. वॉर्ड भरलेला, पडदा अर्धाच ओढलेला, कुणीतरी "आत्ताच काय?" म्हणून खेकसलं. उचलताना खुब्यात अशी कळ आली की त्या ओरडल्या. आणि भांडं काढायला पुढे झाली ती सून, लग्न होऊन वर्षही न झालेली. "तिच्या हातानं घाण काढून घ्यू? त्यापरीस पोटात काय नसलेलं बरं." मुलगी असती तर चाललं असतं. मुलगी होती त्या रात्री म्हणूनच त्यांनी भाकरी खाल्ली होती.

त्या उपास करत नव्हत्या, रुसल्या नव्हत्या, जगण्याला कंटाळल्या नव्हत्या. त्यांनी विचार करून घट्ट अन्न बंद केलं होतं.

त्यात औषधांची भर. दुखण्यासाठी ट्रामाडॉल चालू होतं, रक्त कमी म्हणून लोहाची गोळी. दोन्हींनी पोट बांधलं जातं. नऊ दिवसांनंतर पोट गच्च होतं, त्यामुळे आता खरोखरच भूक लागत नव्हती. ज्या कारणाने न जेवणं सुरू झालं आणि ज्या कारणाने ते चालू राहिलं, ती दोन वेगळी होती. असेसमेंटमध्ये ही दोन्ही लिहायला हवीत, कारण दोन्हींचे उपाय वेगळ्या माणसांच्या हातात असतात.

इथे मी दुसरी मोठी चूक करणार होते. बद्धकोष्ठ म्हटल्याबरोबर माझ्या वहीत "चोथा वाढवा, पपई, रात्री इसबगोल" तयार होतं. मॅडमनी थांबवलं. झोपून असलेल्या, जेमतेम पाणी पिणाऱ्या माणसाच्या आतड्यात आधीच कडक मळ अडकलेला असेल, तर वरून चोथा घालणं म्हणजे तुंबलेल्या मोरीत आणखी पाला टाकणं. इसबगोल पाणी शोषून फुगतं, आणि तिथे पाणीच नसतं. आधी अडकलेलं मोकळं व्हायला हवं, आणि ते काम डॉक्टरांचं. म्हणून रेसिडेंट डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी तपासलं, एनिमा दिला, रात्रीचं लॅक्टुलोज सुरू केलं, दुखण्याची औषधं बदलली. एक लक्षात ठेवा: अशा पेशंटला कधीकधी पातळ शी थोडी थोडी गळत राहते आणि चार्टवर "जुलाब" लिहिलं जातं. अडकलेल्या मळाच्या कडेने पाझरणारं ते पाणी असू शकतं. जुलाब समजून औषध दिलं तर आणखीच बांधतं.

लाजेचा भाग सिस्टर इन्चार्जनी सोडवला, आणि तो कुठल्याही डाएट चार्टने सुटला नसता. चपटं, एका बाजूने पातळ होत जाणारं बेडपॅन मिळतं, खुब्याचं हाड मोडलेल्यांसाठीच असतं ते. ते स्टोअरमध्ये पडून होतं. सकाळच्या गरम चहानंतर वीस-पंचवीस मिनिटांनी, पडदा पूर्ण ओढून, रोज त्याच एका आयामावशी देणार असं ठरलं. ती वेळ मी सुचवली होती, कारण पोटात गरम काही गेलं की आतड्याची हालचाल वाढते आणि दिवसातली सगळ्यात जोरकस हालचाल सकाळच्या पहिल्या खाण्यानंतरची असते. दुखण्याची गोळी त्याआधी अर्धा तास. सुनेला त्या वेळात खाली चहाला पाठवायचं. हे शेवटचं आजींनीच सुचवलं.

शनिवारच्या राउंडला राईल्स ट्यूबची, म्हणजे नाकातून पोटात घालायच्या नळीची गोष्ट निघाली होती, तीही सांगायला हवी. एक डॉक्टर आजींच्या खाटेशीच म्हणाले, "उद्यापर्यंत खाल्लं नाही तर नळी घालू." त्या सकाळी मला ते योग्यच वाटलं होतं, निदान कॅलरी तरी जातील. दुपारी कारण कळल्यावर उमगलं की नळीने अन्न सुरू झालं असतं तर पोट हलण्याची, कदाचित पातळ होण्याची भीती, म्हणजे आजींना जे नको होतं तेच, त्यांच्या हाताबाहेर घडलं असतं. नळी लागणारे पेशंट असतात, त्यांना ती वेळेत मिळायलाच हवी. पण धमकी म्हणून नळीचं नाव पेशंटसमोर काढू नये आणि कारण न शोधता ती घालू नये, असं माझं ठाम मत तेव्हापासून आहे.

आता माझ्या १४०० कॅलरींच्या तक्त्याकडे येते. रविवारी सकाळी पोट मोकळं झालं आणि दुपारी आजी म्हणाल्या, "भाकर हाय का?" मला इतका आनंद झाला की मी तोच तक्ता बाहेर काढला. मॅडमनी फोनवरच विचारलं, "पोटॅशियम किती आहे?" रिपोर्टमध्ये ३.१ होतं. फॉस्फेट पाठवलेलंच नव्हतं.

आठवडाभर जवळजवळ उपाशी राहिलेलं शरीर चरबीवर चालत असतं. त्याला एकदम भरपूर पिष्टमय अन्न दिलं की इन्सुलिन वाढतं आणि रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम पेशींमध्ये ओढलं जातं. रक्तात ते इतकं उतरू शकतं की हृदयाचे ठोके चुकतात, श्वासाचे स्नायू थकतात. बी-१ जीवनसत्त्व, म्हणजे थायमिन, कमी असेल तर मेंदूवरही परिणाम होतो. याला रीफीडिंग म्हणतात. ब्रिटनच्या नाइस संस्थेच्या २००६ च्या मार्गदर्शिकेप्रमाणे खाणं सुरू करण्याआधीच पोटॅशियम, फॉस्फेट किंवा मॅग्नेशियम कमी असणं, ही एकच गोष्ट मोठ्या धोक्यासाठी पुरते. शिवाय पाच दिवसांहून जास्त नगण्य खाणं आणि दहा टक्क्यांहून जास्त वजनघट, ही जोडी जमली तरी तोच धोका. आजींमध्ये दोन्ही होतं. अशा पेशंटला सुरुवात किलोमागे फार तर १० कॅलरींपासून करायची आणि चार ते सात दिवसांत हळूहळू पूर्ण गरजेपर्यंत न्यायची. ४० किलोला ४०० कॅलरी. पहिल्या घासाआधी थायमिन. ते लिहून देणं डॉक्टरांचं काम, आठवण करणं आपलं.

मी बुधवारी दिलेला तक्ता आजींनी बुधवारीच खाल्ला असता तर? हा प्रश्न मला अजूनही कधीतरी रात्री आठवतो.

४०० कॅलरी म्हणजे ताटात काय, हेही सांगते, कारण आकडा ऐकून घरचे घाबरतात. नेहमीचे तीन कप चहा, दुपारी ताकातली ज्वारीची आंबील एक वाटी, रात्री मऊ मुगाची खिचडी अर्धी वाटी. इतकंच. सुनेला समजावायला मला अर्धा तास लागला. आठवडाभर जिने "खा, खा" केलं, तिला आता "थोडंच द्या" सांगायचं होतं. मी म्हटलं, "कोरड्या पडलेल्या रानाला एकदम पाटाचं पाणी सोडतात का?" ते तिला लगेच पटलं, शेतकऱ्याच्या घरातली होती.

रोज पोटॅशियम आणि फॉस्फेट तपासायला सांगितलं. पहिल्या दिवशी फॉस्फेट २.४ आलं. तिसऱ्या दिवशी १.९, आणि खाणं तेव्हा फक्त ६०० कॅलरींवर होतं. डॉक्टरांनी फॉस्फेट दिलं, आम्ही एक दिवस कॅलरी वाढवल्या नाहीत, मग पुन्हा चढवल्या. बाहेरून पाहता आजी छान दिसत होत्या, बोलत होत्या. रिपोर्ट नसता तर काहीच कळलं नसतं. पायावर सूज येणं, नाडी वेगात पळणं, धाप, गोंधळल्यासारखं बोलणं ही लक्षणं आहेत, पण ती दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. सातव्या दिवशी त्या १२०० कॅलरींवर होत्या. त्यानंतर दोन दिवसांनी ऑपरेशन झालं. त्या वेळी भूलतज्ज्ञांशी बोलून ऑपरेशनच्या आधी दोन तासांपर्यंत पाणी आणि दूध न घातलेला साखरेचा चहा द्यायची परवानगी घेतली होती, कारण तिसरा लांबलेला उपास मला नको होता.

आता तुमच्या काकांकडे. आजींचं कारण काकांचं असेल असं धरू नका. मेडिसिन वॉर्डात कारणं वेगळी असतात. मेट्रोनिडाझोलने तोंड धातूसारखं कडू होतं. कवळी घरी राहिलेली असते. तोंडात पांढरा बुरशीचा थर असतो, आणि टॉर्च लावून जीभ बाहेर काढायला सांगितल्याशिवाय तो दिसत नाही. सकाळी नीट बोलणारा माणूस संध्याकाळी बरळत असेल तर तो डिलिरियम असू शकतो, आणि तेव्हा "नको" या शब्दाला नेहमीचा अर्थ नसतो. घोटागणिक ठसका लागत असेल तर तुम्ही काहीही भरवू नका, आधी गिळण्याची तपासणी. आणि काही माणसं खरोखर विचार करून जेवण थांबवतात, आजार शेवटाला आलेला असतो म्हणून किंवा मन पार खचलेलं असतं म्हणून. ते ओळखणं आणि पुढचं ठरवणं एकट्या डाएटिशियनचं काम नाही. पण त्याचा पहिला सुगावा आपल्याला लागू शकतो, आणि लागला तर तो त्याच दिवशी डॉक्टरांच्या कानावर जायला हवा.

उद्या सकाळी नाश्त्याच्या वेळी जा आणि काका काय नाकारतात त्यापेक्षा काय घेतात ते बघा. चहा घेतात का? पाणी? बायको समोर असताना घेतात की नसताना? टॉर्च आणि टेप बरोबर ठेवा. औषधांचा कागद वाचा, शौचाला कधी झालं ते त्यांच्या गावच्या शब्दात विचारा. पोटॅशियम, फॉस्फेट, मॅग्नेशियम झालेत का ते पाहा. पाच दिवस म्हणजे ते उंबरठ्यावरच आहेत. कॅलरीचा तक्ता त्यानंतर.

रिफ्लेक्शनचं म्हणाल तर, माझ्याकडून मॅडमनी ते तीनदा लिहून घेतलं. पहिल्यात मी "संवादकौशल्य किती गरजेचं आहे हे शिकले" असं लिहिलं होतं. त्यांनी ती ओळ खोडली आणि विचारलं, "कोणता शब्द वापरला होतास?" तेव्हा मी "मोशन" लिहिलं. तुम्हीही नेमका तो क्षण लिहा जिथे तुमचा अंदाज चुकला, आणि तो चुकला हे कशावरून कळलं ते लिहा. भावनांचा भाग असतो तिथे मी खरं लिहिलं होतं की सून रडत होती तेव्हा मला तिचाच राग आला होता, कारण ती पेशंटला जेवू घालू शकत नव्हती आणि त्यामुळे माझा फॉर्म अडला होता. हे लिहायला लाज वाटली, पण मॅडमनी तेवढीच ओळ ठेवायला सांगितली.

निदानाची ओळ आधी अशी होती: "रुग्ण अन्न नाकारत असल्याने अपुरा आहार." नंतरची अशी: "तोंडावाटे अपुरा आहार, कारण बेडपॅनची लाज व वेदना यामुळे घट्ट अन्न टाळणे, नऊ दिवसांचा मलावरोध, ऑपरेशन दोनदा पुढे गेल्याने घडलेले उपास, पुरावा: दिवसाला अंदाजे २७५ कॅलरी, दंडघेर २१.५, बांगड्या साबणाशिवाय निघाल्या, मुलगी जवळ असताना घट्ट अन्न घेतले."

डिस्चार्जच्या दिवशी आजी वॉकर धरून दारापर्यंत चालल्या. बांगड्या परत हातात घालायला सुनेने रुमाल सोडला, तर त्या अजूनही सैलच होत्या. मी तिला सांगितलं, पुढच्या महिन्यात पट्टी बदलायला याल तेव्हा मला बांगड्या दाखवा.